चहाच्या फ्रँचायझीचा व्हिडिओ : कमाईचा आकडा सांगायचा की कपांचा?

(ब्रँड, गाव आणि माणसं ओळखू येणार नाहीत अशा बेताने तपशील बदलले आहेत. दर त्या वेळचे आहेत.)

पार्श्वभूमी

मी लहान व्यवसायांसाठी व्हिडिओच्या स्क्रिप्ट लिहिते. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका अमृततुल्य ब्रँडच्या मालकांनी फ्रँचायझी चौकशीसाठी चार मिनिटांचा व्हिडिओ मागितला. त्यांची स्वतःची तीन दुकानं होती. त्याशिवाय तोवर १४ फ्रँचायझी दिल्या होत्या, त्यातल्या ११ चालू आणि ३ बंद. चौकशीचे फोन आठवड्याला साठ-सत्तर यायचे आणि तेच तेच उत्तर देऊन मालक व त्यांचा धाकटा भाऊ थकून गेले होते. व्हिडिओ पाठवला की निम्मी उत्तरं परस्पर मिळतील, असा त्यांचा विचार होता.

मालकांनी मला जुनं माहितीपत्रक दिलं. त्यावर तीन ओळी ठळक होत्या: "फक्त ३.९५ लाखांत स्वतःचा व्यवसाय", "संपूर्ण सपोर्ट", "महिन्याला ६० हजार ते १ लाख कमाई". मला म्हणाले, "ताई, हेच जरा गोड आवाजात बोलून घ्या."

अडचण कुठे होती

तिन्ही ओळींत शंभर टक्के खोटं काहीच नव्हतं, म्हणून त्या जास्त घातक होत्या. एक लाख कमावणारं दुकान खरंच होतं. ते मालकांचं स्वतःचं, एस.टी. स्टँडसमोरचं, जुन्या भाड्याचं. ३.९५ लाखही खरेच होते: दीड लाख फ्रँचायझी फी, १.६० लाख काउंटर आणि बोर्ड, ८५ हजार शेगडी-भांडी-फ्रीज. फक्त एवढ्या पैशांत दुकानाचं शटर उघडत नाही.

आपल्याकडे फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही. फी घेण्याआधी जुन्या दुकानांचे आकडे लेखी द्यायलाच हवेत, अशी सक्ती कोणावर नाही. नोकरी सोडून किंवा वडिलांची ठेव मोडून येणारा माणूस जाहिरातीत जे ऐकतो त्याच्यावरच निर्णय घेतो, आणि करारातली बारीक कलमं नंतर वाचतो. मात्र १८७२ च्या करार कायद्यात चुकीच्या माहितीवर उभा राहिलेला करार रद्द करायला वाट आहे, आणि माहिती देणाऱ्याला ती मनापासून खरी वाटत होती म्हणून ती वाट बंद होत नाही. व्हिडिओ तर कायमचा मोबाईलमध्ये राहतो. मालकांना मी हे सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "मग खाली बारीक अक्षरांत 'अटी लागू' टाकू." दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत केंद्राची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. मुख्य दावा चुकीचा असेल तर तळटीप घालून तो सावरता येत नाही, असं त्यांत साफ म्हटलं आहे. तो रस्ताही बंद झाला.

खरे आकडे कुठून काढले

दुकानदाराला "रोज किती कप जातात?" असं विचारलं तर उत्तर मनःस्थितीप्रमाणे येतं. बरा दिवस आठवला तर सातशे, वाईट आठवला तर दोनशे. यूपीआयचा हिशेब अर्धवट असतो, कारण दहा रुपयांचं नाणं अजून बरंच फिरतं.

वाट दाखवली ती मालकांच्या वहिनींनी. चहा पावडर आणि मसाला सगळ्या दुकानांना त्याच पाठवायच्या आणि प्रत्येक पिशवीची नोंद त्यांच्या वहीत होती. त्या म्हणाल्या, "कपाला दोन ग्रॅम पावडर लागते. एका किलोत पाचशे कप. कोणी काही सांगू दे, वही खोटं बोलत नाही." महिन्याला २४ किलो पावडर नेणारं दुकान १२ हजार कप विकतं, म्हणजे दिवसाला ४००. एखादा बाहेरून स्वस्त पावडर आणून मिसळत असेल तर हा हिशेब चुकतो. पण तसं असेल तर पावडर अचानक कमी होते आणि मसाला तेवढाच जातो, त्यावरून ते कळतं.

वर्ष पूर्ण केलेली ९ दुकानं आम्ही घेतली आणि पूर्ण बारा महिन्यांची सरासरी काढली. बारा महिने मुद्दाम, कारण एप्रिल-मेमध्ये चहा उतरतो आणि नुसते पावसाळा-हिवाळ्याचे महिने धरले तर चित्र फुगतं. दिवसाला ६०० कपांच्या वर २ दुकानं होती, ४०० ते ६०० मध्ये ४, आणि ४०० च्या खाली ३.

मग एका कपाचा हिशेब मांडला. दहा रुपयांचा, ६५ मिलीचा कप. एक लिटर दूध आणि पाणी आटून साधारण वीस कप होतात. दूध ५८ रुपये लिटर धरलं तर कपामागे २ रुपये ९० पैसे. त्यात पावडर ९६ पैसे, साखर २७, आलं-वेलची-मसाला ३५, गॅस ४०, कागदी कप ४७ आणि वाया जाणारा चहा ३० पैसे. सगळं मिळून ५ रुपये ६५ पैसे. हातात उरतात ४ रुपये ३५ पैसे. वाया जाणारा चहा मालकांनी धरलाच नव्हता. दुपारी तीनच्या आधी उकळून ठेवलेलं पातेलं ज्याने ओतून दिलं आहे, त्याला ते तीस पैसे काय असतात ते माहीत असतं.

महिन्याचा बांधील खर्च भाडं १४ हजार, कारागीर १५ हजार, मदतनीस १० हजार, वीज-पाणी ३ हजार, रॉयल्टी जीएसटीसह ५,९०० आणि किरकोळ २,१००, असा ५० हजार येत होता. ५० हजाराला ४.३५ ने भागलं की महिन्याला साधारण साडेअकरा हजार कप, दिवसाला ३८३. यातला ३८४ वा कप हा दुकानदाराचा पहिला कमाईचा कप. खारी-बिस्किटांचं उत्पन्न आम्ही मुद्दाम बाहेर ठेवलं, कारण त्यात सुटणारा पैसा दुकानागणिक फार बदलतो.

सगळ्यात कठीण वळण : एका चालकाची मुलाखत

व्हिडिओत एक फ्रँचायझीचालक बोलणार होता. मोकळा, प्रामाणिक मुलगा. कॅमेऱ्यासमोर सहज म्हणाला, "खर्च जाऊन महिन्याला ४१ हजार सुटतात." मालकांचा चेहरा खुलला. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातला कळीचा क्षण हाच होता, म्हणून त्यावर जरा थांबते.

वहिनींच्या वहीत त्याच्या नावावर २४ किलो होते, म्हणजे दिवसाला ४०० कप. ४.३५ ने गुणलं तर महिन्याला ५२,२०० रुपये होतात. त्यातून ५० हजार वजा जाता २,२०० उरायला हवेत. मग ४१ हजार कुठून आले? मला आधी वाटलं, बाहेरची पावडर. पण मसालाही त्याच प्रमाणात जात होता.

त्याच्याकडे जाऊन बसल्यावर उलगडा झाला. दुकान स्वतःच्या घराच्या पुढच्या खोलीत होतं, त्यामुळे भाडं नव्हतं. चहा तो स्वतः करायचा, त्यामुळे कारागीर नव्हता. काउंटरवर आणि भांड्यांना त्याचा भाऊ उभा राहायचा, त्यामुळे मदतनीस नव्हता. १४, १५ आणि १० मिळून ३९ हजार वाचत होते. ३९ हजार अधिक २,२००, झाले ४१,२००. त्याचा आकडा बरोबर होता. पण त्यात दोन माणसांची पहाटे पाचपासून रात्रीपर्यंतची मजुरी आणि घराच्या एका खोलीचं भाडं होतं. धंद्याचा म्हणावा असा नफा सव्वादोन हजारच होता.

हे ऐकून तो दुखावेल अशी मला भीती होती. तो म्हणाला, "ताई, हे मला ठाऊक आहे. मी कंपनीत बारा हजारावर होतो, भाऊ घरी बसून होता. आमच्यासाठी हे चांगलंच आहे. पण जो पगारी माणसं ठेवून गल्ल्यावर बसणार आहे, त्याने माझा आकडा धरू नये." मी त्याला विनंती केली की हेच वाक्य कॅमेऱ्यासमोर म्हण. त्याने म्हटलं.

पुढे असलेले पर्याय

पहिला पर्याय मालकांचा: ६० हजार ते १ लाख तसंच ठेवायचं. एका दुकानाचा आकडा चौदा जणांच्या तोंडी घालणं मला मान्य नव्हतं आणि तेही बोलता बोलता मान्य करत गेले.

दुसरा पर्याय त्यांच्या वकिलांनी सुचवला: कमाईबद्दल काहीच बोलायचं नाही, "कमाई जागेवर आणि मेहनतीवर अवलंबून" एवढंच. कायद्याच्या दृष्टीने हा सुरक्षित होता. पण मग तो प्रश्न फोनवर येतो, आणि फोनवर धाकटा भाऊ "अहो, लाखभर कुठेच जात नाही" म्हणून मोकळा होतो. रेकॉर्ड न होणारी चूक रेकॉर्ड होणाऱ्या चुकीइतकीच समोरच्याला महाग पडते.

तिसरा पर्याय: "१५ ते ३५ हजार" असा पल्ला द्यायचा. हा मला सुरुवातीला पटला होता. पण पल्ला दिला की ऐकणाऱ्याच्या मनात वरचाच आकडा राहतो. शिवाय खाली पंधरा हजार म्हणणंही खोटं ठरलं असतं, कारण ९ पैकी ३ दुकानं ४०० कपांच्या खाली होती.

चौथा पर्याय आम्ही घेतला. रुपयांतली कमाई सांगायचीच नाही. सांगायचे ते कप: खर्च भागायला किती लागतात आणि आपल्या दुकानांत प्रत्यक्ष किती जातात. उरलेलं गणित माणूस आपल्या भाड्याचा आणि पगाराचा आकडा घालून स्वतः करू शकतो. समोरच्या चहाच्या टपरीवर एक दिवस उभं राहून कप मोजताही येतात, लाखाची कमाई मात्र कुठे उभं राहून मोजता येत नाही.

स्क्रिप्टमध्ये काय गेलं

गुंतवणुकीचा भाग असा लिहिला:

"आम्हाला देण्याचे आणि दुकानावर लावण्याचे मिळून ३ लाख ९५ हजार. फीवर १८ टक्के जीएसटी, २७ हजार. याखेरीज दुकानाची अनामत, वीज-नळाचं काम, परवाने, पहिला माल, आणि दोन महिन्यांचा खर्च भागेल एवढी एक लाखाची शिल्लक. भाडं १४ हजार असेल तर एकूण ६ लाख ६० हजार हाताशी हवेत. फी परत मिळत नाही."

शेवटचं चार शब्दांचं वाक्य मालकांना नको होतं. करारात ते होतंच, म्हणून मी ते सोडलं नाही. बोललेला प्रत्येक आकडा त्याच क्षणी पडद्यावर मोठ्या अक्षरांत यावा, असंही स्क्रिप्टमध्येच लिहून दिलं, कारण संकलन करणारा माणूस बैठकीला नव्हता.

"संपूर्ण सपोर्ट" हे दोन शब्द काढून त्या जागी दिवस आणि माणसं लिहिली: दोन जणांना आमच्या दुकानात सात दिवस शिकवू, उद्घाटनाला आमचा एक माणूस चार दिवस थांबेल, पहिले तीन महिने महिन्याला एक भेट, पावडर आणि मसाला ठरल्या दराने. त्याच्या लगेच पुढे काय देत नाही ते. दूध तुमचं, भाडेकरार तुमचा, तोटा झाला तर भरपाई नाही. या धंद्यात दुकान बहुतेक कारागिराच्या सुट्टीवर अडतं, म्हणून त्यावर वेगळं वाक्य दिलं: "कारागीर आम्ही पुरवत नाही. तो निघून गेला तर नवा माणूस आमच्याकडे सात दिवस शिकेल, त्याचा पगार तुमचा." हे वाचून धाकटा भाऊ गप्प झाला. "कारागीर आम्ही देऊ" असं तो फोनवर सर्रास सांगत असे आणि वर्षभरात त्याला एकही देता आला नव्हता.

कमाईचा भाग:

"आमच्या हिशेबाने दिवसाला ३८३ कप गेले की खर्च भागतो. त्याच्या पुढचा प्रत्येक कप तुम्हाला ४ रुपये ३५ पैसे देतो. वर्ष झालेल्या आमच्या ९ फ्रँचायझींपैकी ६ दुकानं ४०० च्या वर आहेत, ३ खाली आहेत. एकूण १४ दिल्या, ३ बंद झाल्या."

बंद दुकानांवर सगळ्यात मोठा वाद झाला. मालक म्हणाले, "बंद पडलेली दुकानं सांगायची तर व्हिडिओ काढायचाच कशाला?" मी त्यांना मोबाईलवर त्यांच्याच ब्रँडचं नाव टाकून नकाशा दाखवला. तीन ठिकाणी 'कायमचे बंद' असं लिहिलेलं होतं. माणूस ते बघणारच, मग कारण आपल्या तोंडून ऐकलेलं बरं. एक भाडं परवडलं नाही म्हणून, एक दोन भागीदारांच्या भांडणातून आणि एक समोरचा रस्ता खोदून ठेवल्यामुळे बंद झालं होतं. तिन्ही कारणं एकेका वाक्यात व्हिडिओत गेली.

जीएसटीचा मुद्दा मात्र वेळेअभावी वगळला आणि चौकशी करणाऱ्याला देण्याच्या कागदावर टाकला. वर्षाची विक्री २० लाखांच्या पुढे गेली की नोंदणी लागते. दहा रुपयांच्या चहाला ती वेळ दिवसाला साधारण साडेपाचशे कपांवर येते, आणि बिस्किटांची विक्रीही त्यात मोजली जात असल्याने थोडी आधीच. मग पाच टक्के कर दहा रुपयांतूनच द्यावा लागतो, कारण कोणी साडेदहा रुपये देत नाही. कपामागे ४८ पैसे जातात. ५४० कपांवर महिन्याला २०,४७० उरतात आणि ६०० कपांवर १९,६६०. साठ कप जास्त विकून आठशे रुपये कमी, हे आकडे मांडेपर्यंत मालकांच्याही ध्यानात आलं नव्हतं.

काय झालं

फोन आठवड्याला पंचविसाच्या आसपास आले. पहिल्या महिन्यात मालक माझ्यावर नाराज होते आणि ते स्वाभाविक होतं. आधीच्या सहा महिन्यांत पाच फ्रँचायझी गेल्या होत्या, नंतरच्या सहा महिन्यांत तीन. दोन फींचे तीन लाख त्यांना सोडावे लागले.

पण फोनवरचा प्रश्न बदलला. "कमाई किती?" ऐवजी "माझ्या गाळ्याचं भाडं २२ हजार आहे, जमेल का?" असं लोक विचारू लागले. वहिनी तिथल्या तिथे हिशेब करायच्या: खर्च ५८ हजार, म्हणजे दिवसाला ४४४ कप. एकाला त्यांनी स्वतःहून सांगितलं, "दादा, त्या कोपऱ्यावर एवढे कप जाणार नाहीत, दुसरा गाळा बघा." नव्या तिघांपैकी एक पाचव्या महिन्यातही ३५० कपांवर होता. त्याचा फोन आला तो पैसे परत मागायला नव्हता. कारागीर काढून स्वतः उभा राहू का, हे विचारायला होता. शिल्लक एक लाख त्याने वेगळे ठेवले होते, त्यातूनच तो तोवर तग धरून होता.

आज वेगळं काय केलं असतं

दोन चुका माझ्याच आहेत.

पहिली, आकड्यावर तारीख टाकली नाही. दोन महिन्यांत दूध लिटरला चार रुपयांनी वाढलं. कपामागे वीस पैसे गेले आणि ३८३ चे ४०२ झाले. व्हिडिओ मात्र ३८३ च सांगत राहिला. ज्या आकड्यासाठी एवढी भांडणं केली, तोच शिळा होऊन लोकांपर्यंत जात होता. शिवाय ३८३ इतका नेमका आकडा ऐकला की तो मोजून काढलेला, पक्का वाटतो. "चारशेच्या आसपास" हे जास्त खरं झालं असतं.

दुसरी चूक 'दिवसाला' या शब्दात होती. आम्ही तीस दिवस धरले होते. एका चौकशीदाराचा गाळा औद्योगिक वसाहतीत होता, रविवारी तिथे चिटपाखरू नसतं. सव्वीस दिवसांत तेवढेच साडेअकरा हजार कप विकायचे तर दिवसाला ४४२ लागतात. त्याने ३८३ धरून गाळ्याला टोकन दिलं होतं. वहिनींनी बोलता बोलता सुट्टीचा वार विचारला म्हणून हे लक्षात आलं आणि त्याने टोकनवर पाणी सोडलं. ते पाच हजार त्याचे गेले ते माझ्या वाक्यामुळे.

पुढच्या आवृत्तीत तो भाग पुन्हा चित्रित केला. आता मालक स्वतः कॅमेऱ्यासमोर उभे राहतात आणि म्हणतात, "दूध ६२ रुपये लिटर असताना आमच्या हिशेबाने महिन्याला १२ हजार कप लागतात. तुमचं दुकान महिन्यात किती दिवस उघडं राहील, त्याने भागा. दूध वाढलं की हा आकडा वाढतो, म्हणून फोन कराल तेव्हा आजचा आकडा विचारा." खाली चित्रीकरणाचा महिना आणि वर्ष दिसतं. दुधाचा दर बदलला की वहिनी मला निरोप पाठवतात आणि आम्ही तेवढी पंचवीस सेकंदं नव्याने चित्रित करतो.